स्लॅकवरचा कलकलाट तासावर आणा, पण ‘खुणेचा शब्द’ आधी ठरवा

शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ अशा दोन मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. इथल्या एखाद्या कारखान्यातला मेंटेनन्स इंजिनिअर डोळ्यांसमोर आणा. कंपनीचं काम स्लॅकवर चालतं आणि तो आठ चॅनेलमध्ये आहे. डिस्पॅच, क्वालिटी, स्टोअर, कँटीन, वाढदिवस असं सगळं त्याच्या फोनवर येतं. पाळीतले शेकडो मेसेज वाचले तर हातातलं काम राहतं. नाही वाचले तर त्याच्या कामाचा एखादा मेसेज निसटतो.

यावर उपाय म्हणजे तीन चाळण्या.

पहिली चाळणी नावाची. स्लॅकच्या Preferences मध्ये Notifications उघडा आणि ‘Direct messages, mentions & keywords’ किंवा त्या अर्थाचा पर्याय निवडा. मग थेट आलेला मेसेज, नावापुढे @ लावून मारलेली हाक आणि निवडलेले शब्द एवढ्यासाठीच फोन वाजतो. मात्र @channel आणि @here यांनी सगळ्यांना एकदम हाक जाते. कँटीनच्या चॅनेलमध्ये कुणी उठसूट ते वापरत असेल, तर त्या चॅनेलच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये ते बंद करता येतं.

इथे बरेच जण गल्लत करतात. त्रास होतो म्हणून थेट चॅनेलच Mute करून टाकतात. Mute केलेल्या चॅनेलमध्ये नावाने हाक मारली तरी फोन वाजत नाही, चॅनेलच्या नावापुढे फक्त आकडा दिसतो. कामाच्या चॅनेलला Mute लावू नये. तो कँटीन आणि वाढदिवसासाठी ठीक.

दुसरी चाळणी शब्दांची. Notifications मध्येच शब्दांचा रकाना असतो. त्यात स्वल्पविराम देऊन शब्द लिहायचे. इंग्रजी शब्द लहान लिपीत लिहिला की मोठ्या, याने फरक पडत नाही. मात्र तुम्ही ज्या चॅनेलचे सदस्य आहात, तिथलेच शब्द पकडले जातात.

खरी मेख पुढे आहे. ही चाळणी शब्द जसाच्या तसा शोधते आणि मराठीत शब्द जसाच्या तसा क्वचितच राहतो. समजा, इंजिनिअरने ‘गळती’ हा शब्द टाकला. ‘पंप ३ ला गळती आहे’ हा मेसेज पोचेल. पण ‘गळतीमुळे पंप ३ थांबवला’ हा निसटू शकतो, कारण तिथे शब्दाला ‘मुळे’ चिकटला. तिसरा कुणी ‘galti’ लिहितो, चौथा ‘leakage’. सगळी रूपं भरत बसलं तरी एखादं राहतंच.

म्हणून बोलीतला शब्द टाकण्यापेक्षा टीमने मिळून खुणेचा शब्द ठरवावा. उदाहरणार्थ, पंप क्रमांक ३ च्या प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला `PUMP3` लिहायचं. पुढचं वाक्य मराठीत असो की हिंदीत, चाळणी तेवढं पकडते. शब्द टाकल्यावर सहकाऱ्याला तो चॅनेलमध्ये लिहायला सांगून फोन वाजतो का, हे पाहावं. स्वतः लिहून ही चाचणी होत नाही, कारण स्वतःच्या मेसेजची सूचना स्वतःला येत नाही.

तिसरी चाळणी वेळेची. फोनवर ‘दर तासाला एकदाच सांग’ असं सरळ बटण स्लॅकमध्ये नाही. जवळचा मार्ग म्हणजे सूचना तासभर थांबवणं. मेसेजच्या जागी हे लिहून पाठवायचं:

```
/dnd 1 hour
```

तास संपला की Activity उघडून आलेल्या हाका आणि शब्द पाहायचे, हवं तर कमांड पुन्हा द्यायची. त्या तासात थेट मेसेज पाठवणाऱ्याला सूचना थांबवल्याचं दिसतं आणि निकड असेल तर ‘तरीही कळवा’ असा पर्यायही मिळतो. ईमेलवर सूचना घेणाऱ्यांना तासाला एकदाच ईमेल येईल, असंही सेटिंग ठेवता येतं.

प्रश्न आहे तो या तासाचा. डिस्पॅचची गाडी कधी निघणार, हे तासाने कळलं तरी चालेल. कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीत वायुगळतीची बातमी मिनिटभरही थांबू शकत नाही. त्यामुळे जीवाशी गाठ असलेली खबर चॅटवर टाकून मोकळं होणं चुकीचंच. तिला भोंगा किंवा फोन हवा आणि हे टीमच्या नियमात लिहिलेलं हवं.

चाळणी लावणाऱ्याने ती गुपचूप लावू नये, हेही तितकंच खरं. ‘मी तासाला एकदा पाहतो, तातडीचं असेल तर फोन करा’ एवढं सहकाऱ्यांना कळलेलं असलं पाहिजे. नाहीतर पाठवणारा समजतो निरोप पोचला आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो.