मोक्ष आणि तारण : तुलना करावी ती कशी?

‘सर्व धर्मांची शिकवण शेवटी एकच’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते सिद्ध करण्याची गरज कोणाला वाटत नाही. अभ्यासवर्गातील टिपण असो वा महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा निबंध असो, मोक्षकल्पनेची तुलना करावयाची म्हटली की हे वाक्य आरंभी येते आणि समारोपातही येते. दुसऱ्या टोकाचे लेखनही काही कमी नाही. आपले ते उदात्त आणि दुसऱ्याचे ते संकुचित, असा निकाल आधीच लावून मग त्यासाठी पुरावे गोळा केले जातात. दोन्ही प्रकारांत दोष एकच असतो : दुसरी परंपरा काय म्हणते हे तर कळत नाहीच, पण आपली परंपरा नेमके काय म्हणते हेही निसटून जाते.

एक उदाहरण घेऊन हा प्रश्न तपासू. रामानुजाचार्यांच्या श्रीवैष्णव परंपरेतील प्रपत्ती, म्हणजे शरणागती, आणि मार्टिन ल्यूथर (१४८३ ते १५४६) याने मांडलेले ख्रिस्ती तारण यांची तुलना मुद्दाम निवडली आहे. कारण येथे साम्य खरे आहे आणि म्हणूनच फसगतही सर्वांत सोपी आहे. मनुष्य स्वतःच्या बळावर सुटू शकत नाही, ईश्वराच्या कृपेनेच सुटतो, असे दोन्ही परंपरा निःसंदिग्धपणे सांगतात. जर्मन धर्मतत्त्वज्ञ रुडॉल्फ ओटो याला या साम्याने इतके आकृष्ट केले की त्याने १९३० साली भारतातील कृपाधर्म आणि ख्रिस्ती धर्म यांच्या तुलनेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

पहिली दक्षता विषय निश्चित करतानाच घ्यावी लागते. ‘हिंदू मोक्ष आणि ख्रिस्ती तारण’ असे शीर्षक दिले की निबंध तेथेच बिघडतो. शांकर अद्वैतात मोक्ष म्हणजे जीव आणि ब्रह्म यांच्यातील भेदाचा भ्रम मावळणे. रामानुजांच्या मते मुक्त जीव वैकुंठात नारायणाचे अखंड कैंकर्य करतो, तो नारायण होत नाही. आपल्या वारकरी संतांनी तर भक्तीच्या गोडीपुढे मुक्तीही दुय्यम ठरवली. या तिघांना एका शब्दात कोंबून त्या शब्दाची तुलना करणे म्हणजे कोणाचीच तुलना न करणे होय. ख्रिस्ती बाजूचेही तसेच आहे. ल्यूथरचा पंथ आणि रोमन कॅथॉलिक चर्च यांच्यात याच प्रश्नावर १६व्या शतकात फूट पडली. तेव्हा तुलना दोन धर्मांची नव्हे, तर दोन निश्चित संप्रदायांची असावी आणि शीर्षकात त्यांची नावे असावीत.

दुसरी दक्षता शब्दांची. गोव्यात राहून मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ती स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. ग्रंथ १६१६ साली छापला गेला. श्रोत्यांना परिचित शब्द हवा, ही त्यांची अडचण समजण्याजोगी आहे. परंतु निबंधकाराने असा शब्द समानार्थी मानला, तर तुलना लिहिण्यापूर्वीच तिचे उत्तर ठरून जाते. म्हणून निबंधाच्या पहिल्या दोन भागांत प्रत्येक परंपरा तिच्याच शब्दांत मांडावी. तेथे दुसरीचा उल्लेखही नसावा. आपल्या शास्त्रकारांची पूर्वपक्षाची शिस्त यापेक्षा वेगळी नव्हती. १४व्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा आरंभ चार्वाकमतापासून केला. जे मत त्यांना मुळीच मान्य नव्हते, तेही त्यांनी त्याच्या स्वतःच्या युक्तिवादासह आधी मांडले.

यानंतर येतो निबंधाचा कणा. ‘साम्ये’ आणि ‘भेद’ अशा दोन याद्या करण्याची रीत रूढ आहे, पण तिच्यात मुद्दे एकमेकांपासून सुटे पडतात. त्याऐवजी चार प्रश्न क्रमाने दोन्ही परंपरांना विचारावेत : बंधन कशाचे? सोडवतो कोण, आणि त्याला काय करावे लागते? सुटणाऱ्याचा वाटा कोणता? सुटून तो जातो कोठे?

बंधनाचा प्रश्न प्रथम पाहू. श्रीवैष्णव मतात जीव अनादी कर्माने बांधलेला आहे. या बंधनाला पहिला दिवस नाही, आणि ते असंख्य जन्मांतून चालत आलेले आहे. ल्यूथरच्या दृष्टीने बंधन म्हणजे पाप. आदिपुरुषाच्या पतनापासून मानवजात ईश्वराविरुद्ध उभी आहे, आणि प्रत्येक मनुष्य एकाच जन्मात या अपराधासह ईश्वरी न्यायासमोर येतो. एकाला सुटावयाचे आहे ते जन्ममरणाच्या फेऱ्यातून. दुसऱ्याला अपराधातून आणि दंडातून. ओटोनेही मूळ भेद येथेच पाहिला. कृपा दोन्हीकडे आहे, पण ज्या आसाभोवती ती फिरते तो आस एक नाही.

हा भेद मनात ठेवून दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे. श्रीवैष्णव परंपरेत जीव आणि भगवंत यांच्यामध्ये लक्ष्मी उभी असते. ती अपराधी लेकराची बाजू पित्यापुढे मांडते. या कार्याला ‘पुरुषकार’ म्हणतात. ख्रिस्ती परंपरेत येशू हा मध्यस्थ आहे. येथे घाईचा निबंधकार ‘लक्ष्मीचे स्थान तेच ख्रिस्ताचे’ असे लिहून मोकळा होतो. परंतु मध्यस्थाला करावे काय लागते, हा पुढचा प्रश्न विचारताच समीकरण मोडते. लक्ष्मी दंड भोगत नाही. ती भगवंताच्या स्वाभाविक वात्सल्याला जागे करते. ल्यूथरच्या मते पापाचा दंड चुकविता येत नाही. तो ख्रिस्ताने क्रुसावर, इतिहासातील एका निश्चित काळी, सर्वांसाठी भोगला. ते मरण घडले नसते तर तारण नाही. श्रीवैष्णव प्रपत्तीला अशा एकमेव ऐतिहासिक घटनेचा आधार लागत नाही.

भगवंत शरणागताच्या दोषांचे काय करतो, यावर श्रीवैष्णवांत अंतर्गत वाद आहे, आणि तो निबंधात आणलाच पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारी तेन्कलै शाखा म्हणते, नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगावरील मळ गाय जशी प्रेमाने चाटते, तसे भगवंताला शरणागताचे दोषही गोड वाटतात. वेदान्तदेशिकांची वडकलै शाखा इतके पुढे जात नाही. भगवंत दोषांकडे दुर्लक्ष करतो, एवढेच ती म्हणते. या दोन्ही उत्तरांपैकी एकातही ‘दंड कोणी तरी भोगलाच पाहिजे’ ही अट नाही. दोन शाखा परस्परांशी भांडत असतानाही ज्या गोष्टीवर त्यांना वाद घालावासा वाटत नाही, तीच त्या परंपरेची खरी खूण असते. भेद शोधण्याचे याहून विश्वसनीय साधन नाही.

तिसरा प्रश्न, सुटणाऱ्याचा वाटा. येथे वडकलैंचा दृष्टान्त माकडिणीच्या पिल्लाचा आहे : आई उडी मारते, पण पिल्लाने तिला घट्ट धरावे लागते. तेन्कलैंचा दृष्टान्त मांजरीच्या पिल्लाचा : आईच त्याला तोंडात धरून नेते, पिल्लू काहीच करीत नाही. मग वडकलै म्हणजे कॅथॉलिक आणि तेन्कलै म्हणजे ल्यूथरपंथी, हे समीकरण फारच मोहक वाटते. ते अर्धेच खरे आहे. मनुष्याचा सहभाग किती, हा वादाचा आकार दोन्हीकडे सारखा आहे. परंतु देशिकांच्या मते ते ‘धरणे’ म्हणजे एकदाच, विधिपूर्वक करावयाची शरणागती. आणि तीही कृपेचे मोल नव्हे, केवळ निमित्त, ज्याला ते ‘व्याज’ म्हणतात. कॅथॉलिक शिकवणीतील सहकार्य मात्र कृपेच्या बळावर संस्कार आणि सत्कृत्ये यांतून आयुष्यभर चालते. आकार सारखा, आशय वेगळा, असे स्पष्ट लिहावे. साम्य नाकारण्याचेही कारण नाही आणि ते ताणण्याचेही नाही.

चौथ्या प्रश्नावर उत्तरे आणखी दूर जातात. शरणागत या देहाच्या अंती वैकुंठाला जातो. तो कर्मजन्य देह कायमचा मागे राहतो. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र शेवटच्या दिवशी मृतांचे सदेह पुनरुत्थान आहे. एकाला ज्या देहातून सुटावयाचे, तोच देह दुसऱ्याच्या तारणात रूपांतरित होऊन पुन्हा सामावला जातो.

येथवर आल्यावर निबंधकाराने स्वतःचे प्रश्नही तपासावेत. ‘पापक्षमा कशी मिळते?’ हाच मुख्य प्रश्न केला, तर वैष्णव मत अपुरे भासेल. ‘पुनर्जन्म कसा टळतो?’ हा केला, तर ल्यूथर अपुरा भासेल. दोन्ही वेळा अपुरेपणा परंपरेचा नसून प्रश्नाचा असतो. उपाय एवढाच, की दोन्ही प्रश्न दोघांनाही विचारावेत आणि एखाद्याकडे उत्तर नसेल तर ते मौन तसेच नोंदवावे. पुनर्जन्माच्या प्रश्नावर ल्यूथरकडे उत्तर नाही, कारण त्याच्या जगात तो प्रश्नच उद्भवत नाही. ही नोंद पाच ओढूनताणून केलेल्या साम्यांपेक्षा अधिक मोलाची आहे.

समारोपात ‘सर्व मार्ग एकाच शिखरावर’ हे वाक्य लिहिण्याचा मोह आवरावा. शिखरे एक आहेत की अनेक, हे वरील चार उत्तरांवरून सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निवाडाही त्यांतून निघत नाही. तो द्यावयाचाच असेल, तर कोणत्या कसोटीवर देत आहोत हे आधी सांगावे लागेल, आणि तो वेगळा निबंध होईल. या निबंधाने एवढेच म्हणावे की कृपेवाचून सुटका नाही हे दोघांना मान्य आहे. सुटका कशापासून, ती कृपा कशी कार्य करते आणि कोठे नेते, यावर त्यांची वाट वेगळी होते.

लेखन साधले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. श्रीरंगमच्या एखाद्या आचार्यांनी आपल्यावरील भाग वाचून ‘होय, आमचे म्हणणे हेच’ असे म्हटले पाहिजे, आणि ल्यूथरपंथी धर्मगुरूनेही आपल्यावरील भागाबद्दल तसेच म्हटले पाहिजे. दोघांपैकी एकाची जरी मान नकारार्थी हलली, तरी तुलनेचे पुढचे सारे परिच्छेद निराधार ठरतात. आपल्या परंपरेविषयी ज्याला खरा आदर आहे, त्याने तिला सर्वांसारखी म्हणून पुसट करू नये आणि सोपा विजय मिळवून देण्यासाठी प्रतिपक्षाला दुबळेही करू नये. माधवाचार्यांनी चार्वाकाला जो न्याय दिला, तो आपण ल्यूथरला नाकारण्याचे कारण नाही.