रंगावर रंग चढतो, उतरत नाही



गेल्या महिन्यात एक मुलगी तिच्या अम्मीला घेऊन माझ्याकडे आली. भावाचा निकाह आठ दिवसांवर आलेला आणि डोक्यावरची ओढणी ती काढायलाच तयार नव्हती. शेवटी अम्मीने ओढली तेव्हा कळले. मुळांपाशी दोन इंच केस संत्र्याच्या सालीसारखे झाले होते आणि त्याखाली कमरेपर्यंत पूर्वीसारखेच गडद.

"खाला, डाय नकली निघाला. डब्यावरच्या मुलीचे केस बघा आणि माझे बघा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

डबा तिने सोबत आणला होता. 6.3 नंबर. बहुतेक कंपन्यांत पहिला आकडा केस किती फिकट ते सांगतो. 1 म्हणजे काळाभोर, 10 म्हणजे अगदी फिकट पिवळा. ठिपक्यानंतरचा आकडा छटेचा, इथे 3 म्हणजे सोनेरी. आपल्याकडचे केस जन्मतः साधारण 1 ते 3 च्या दरम्यान असतात. या मुलीने वर्षभर 3 नंबरचा गडद तपकिरी डाय लावला होता. मग चार महिने काहीच लावले नाही आणि मुळांशी दोन इंच नवे केस आले. आता तिला फिकट सोनेरी हवे होते, म्हणून तिने 6.3 आणून मुळांपासून टोकांपर्यंत एकसारखा चोपडला. लांबीवर काहीच फरक पडला नाही म्हणून तीन दिवसांनी पुन्हा लावला. लांबी आणखीच गडद झाली, मुळे आणखी भगवी.

मी अम्मींकडे पाहिले. त्यांच्या कानशिलांवरचे केसही थोडे वेगळे दिसत होते. विचारले तर त्या लाजल्या. "वाटीत उरलं होतं, फेकायचं कशाला? मी पांढऱ्यांवर लावलं." आणि बहिणींनो, त्यांच्या त्या पांढऱ्या केसांवर डब्यावरच्या फोटोतला सोनेरी रंग हुबेहूब आला होता!

म्हणजे डाय नकली नव्हता. एका घरात, एकाच वाटीतून, एकाच संध्याकाळी तीन प्रकारच्या केसांना तो लागला आणि तीन वेगळे निकाल आले.

रंगाऱ्याकडे किरमिजी ओढणी नेऊन "हिला लिंबू रंग द्या" म्हटले तर तो काय सांगेल? आधी हा रंग उतरवावा लागेल. तुम्ही तशीच ती पिवळ्या रंगात बुडवली तर ती किरमिजीच राहील, फार तर मळकट होईल. भिंतीचे वेगळे असते. तिथे पांढरा रंग वरून थर देऊन खालचा झाकतो. केसांचा डाय झाकत नाही. तो पारदर्शक असतो आणि केसाच्या आत जाऊन बसतो. रंगाचे काम एवढेच की त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शोषून घ्यायचा. खालच्या गडद रंगाने जो उजेड आधीच गिळला, तो वरचा फिकट रंग परत आणणार कुठून? म्हणून रंग घालून केस फक्त गडद होऊ शकतात किंवा छटा बदलू शकते. अम्मींच्या पांढऱ्या केसांत आधीचा रंगच नव्हता, म्हणून तिथे डायचा रंग जसाच्या तसा दिसला.

मग मुलीची मुळे फिकट कशी झाली? इथेच सगळी गफलत होते. कायमस्वरूपी डायच्या डब्यात दोन वस्तू असतात. एका नळीत रंगाची क्रीम, तिच्यात अमोनिया किंवा त्याच्यासारखे दुसरे अल्कली. बाटलीत डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, बहुधा 6 टक्के. अल्कलीमुळे केस फुगतो आणि त्यावरचे बारीक खवले उघडतात. पेरॉक्साइड आत शिरून एकाच वेळी दोन कामे करते. आपल्या केसांतला जन्माचा रंग, ज्याला मेलॅनिन म्हणतात, तो ते थोडा फोडते. आणि क्रीममधले अगदी लहान, बिनरंगी कण आत गेलेले असतात, त्यांना एकमेकांशी जोडून मोठे रंगीत कण बनवते. मोठे झाले की ते बाहेर निघत नाहीत, म्हणून डाय धुऊन जात नाही.

म्हणजे डाय केस फिकट करतो, पण फक्त जन्माचा रंग, आणि तोही बेताने. 6 टक्क्यांचा डेव्हलपर एक-दोन पायऱ्या वर नेतो, 9 टक्क्यांचा फार तर तीन. आधी घातलेल्या डायला मात्र तो हात लावू शकत नाही. कारण तो जुना रंग याच पेरॉक्साइडने तयार केलेला असतो. ज्याने त्याला घडवले, ते त्याच ताकदीने त्याला मोडत नाही. वर्षभर 3 नंबर साचलेल्या लांबीवर 6.3 चे काही चालले नाही. उलट आणखी रंग आत जाऊन बसला. नव्या दोन इंचांत मात्र जन्माचा रंग होता, तो फुटला.

आणि भगवाच का? काळ्या केसांतला रंग एकदम नाहीसा होत नाही. काळपट भाग आधी जातो आणि तांबूस उरतो. काळा, मग लालसर तपकिरी, लाल, भगवा, मग पिवळा, शेवटी फिकट पिवळा, अशी ही वाट आहे. तिचे केस भगव्यावर थांबले, वर डायमधली सोनेरी छटा मिसळली. टाळूजवळ अंगाची ऊब असते, त्यामुळे तिथे काम जोरात झाले.

जुना डाय काढायला वेगळी वस्तू लागते. ब्लीच पावडरमध्ये परसल्फेट नावाचे क्षार असतात. ते पेरॉक्साइडची ताकद इतकी वाढवतात की जन्माचा आणि घातलेला, दोन्ही रंग फुटतात. केसांची झीजही तितकीच होते. दुसरा मार्ग कलर रिमूव्हरचा. तो डायचे मोठे कण तोडून पुन्हा लहान करतो, मग ते पाण्याने निघतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि खूप वेळ धुवावे लागते. धुण्यात कसूर झाली तर उरलेले कण पुन्हा जुळून केस परत गडद होतात. जन्माच्या रंगावर रिमूव्हरचा काही परिणाम नाही.

मेहंदीबद्दल पत्रे येतात म्हणून इथेच लिहिते. शुद्ध मेहंदी फक्त रंग देते, काढत नाही. काळ्या केसांवर ती उन्हात लालसर चमकते, नानीच्या पांढऱ्या केसांवर केशरी दिसते, इतकेच. "काळी मेहंदी" म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पाकिटांत मात्र मेहंदी नावालाच असते. रंग डायचाच असतो. काही पाकिटांत धातूचे क्षारही निघतात, आणि त्यांच्यावर पेरॉक्साइड पडले तर केस तापतात, कधी हातात तुटून येतात. हातावर काळी मेहंदी काढून ज्यांना कधी फोड आले असतील, त्यांनी डाय डोक्याला लावूच नये. बाकीच्यांनी कानामागे थेंबभर लावून 48 तास पाहावे.

म्हणून मी मुलीला आधी विचारले, वर्षभर फक्त डायच की मध्ये कुठली मेहंदीही? तिने आठवून सांगितले, मागच्या ईदला एक पाकीट लावले होते. मग डोक्याला हात लावण्याआधी मागच्या बाजूचे दहा-पंधरा केस कापून घेतले. काचेच्या वाटीत 6 टक्क्यांचे 30 मिली पेरॉक्साइड, त्यात अमोनियाचे 20 थेंब, आणि केस अर्धा तास बुडवून ठेवले. बुडबुडे आले, वाटी गरम झाली किंवा केस लगेच रंग बदलू लागले तर समजायचे की धातूचे क्षार आहेत, आणि काम तिथेच थांबवायचे. तसे काही झाले नाही. केस ओढून पाहिले, तुटले नाहीत.

ती म्हणाली, "मग आता लांबी फिकट करा."

मी नाही म्हटले. कमरेपर्यंतचे, थरावर थर बसलेले केस आठ दिवसांत ब्लीच करायचे म्हणजे वलीम्याला अर्धे केस तुटलेले. सोपी बाजू दुसरी होती. फिकट झालेली मुळे गडद करून लांबीशी जुळवायची. रंग घालणेच ते, काढणे नाही. लांबी 3 ची, पण मी मुळांना 4.1 घेतला. नुकते ब्लीच झाल्यासारखे केस रंग जास्त पितात, ते एक पायरी गडदच दिसतात. आणि ठिपक्यानंतरचा 1 म्हणजे राखाडी छटा, तिच्यातला निळसरपणा भगव्याला मारतो. साधा 4.3 लावला असता तर मुळांतून तांबडे झळकत राहिले असते. डेव्हलपर 3 टक्क्यांचा, कारण आता काही फोडायचे नव्हते. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून पाहिली. वीस मिनिटांत जुळले.

निकाहनंतर दीड महिन्याने ती परत आली. तेव्हा बारीक बटा निवडून फॉइलमध्ये घेतल्या, टाळूपासून दूर. एक भाग पावडर, दोन भाग 6 टक्क्यांचा डेव्हलपर. पस्तीस मिनिटांत मधला भाग भगव्यापर्यंत आला. टोके विटकरीवरच अडकली, कारण तिथे सर्वांत जुना रंग साचलेला. आणखी वेळ ठेवला असता तर कदाचित सुटलीही असती, पण ओली बट ताणल्यावर रबरासारखी लांबू लागली, म्हणजे केस आतून कमजोर झाला. लगेच धुतले. तिला हवा तो 6 नंबर भगव्यावरच बसतो, पिवळ्यापर्यंत जायची गरज नव्हती. वरून राखाडी छटेचा 6 दिला. दोन इंच टोके कापली. काळ्या केसांत मधूनमधून तपकिरी रेघा, तेवढ्यावर ती खूश झाली.

अम्मी शेजारी बसून सगळे बघत होत्या. "आणि माझी कानशिलं?" त्यांनी हळूच विचारले. सोनेरी रंग लग्नात सगळ्या नणंदांनी पाहिला होता म्हणे. त्यांना मी सांगितले, तुमचे काम सर्वांत सोपे. आत फक्त थोडा सोनेरी रंग आहे, त्यावर गडद चढवायचा. साधा 4 लावला. अर्ध्या तासात झाले.