‘चालत जा’ एवढ्याने भागत नाही

साठीच्या आसपासच्या माणसाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली की तिच्याबरोबर एक सल्लाही मिळतो: रोज चालत जा, थोडा व्यायाम करा. सल्ला बरोबरच असतो. पण ज्याने शाळेतल्या कवायतीनंतर आयुष्यात कधी व्यायाम केला नाही, त्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. किती वेळ चालायचे, किती भरभर, दम लागला तर थांबायचे की पुढे जायचे, दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर काय करायचे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. मग काहीजण पहिल्याच रविवारी तासभर चालून गुडघा धरून बसतात आणि काहीजण कोपऱ्यावरून दूध आणले की व्यायाम झाला असे समजतात. सल्ला आणि कृती यांच्यातली ही जागा घरातल्याच कुणाला तरी भरावी लागते. बहुतेक घरांत ते काम मुलीकडे येते.

शीव कोळीवाड्यातले असे एक घर धरून चालू. वडील साठ वर्षांचे, फोर्टमधल्या एका कचेरीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर काठावर आहे, हृदयाचा त्रास नाही. त्यांनी व्यायाम कधीच केला नाही हे खरे. तरीही गुरू तेग बहादूर नगरच्या पुलाचे जिने चढून हार्बरची लोकल पकडणे आणि सीएसएमटीला उतरून कचेरीपर्यंत चालणे यात त्यांचे पाय रोज हलत होते. निवृत्तीबरोबर तेवढेही थांबले.

अशा रोजच्या हालचालीचे मोल किती, हे जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडले. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून गाडी हाकणारे चालक आणि तिकिटांसाठी जिना चढउतार करणारे वाहक यांची त्यांनी तुलना केली. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. अंगाबांध्यातल्या फरकाचाही यात वाटा असावा, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. हालचालीचा मुद्दा मात्र त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी पक्का केला. तेव्हा मुलीच्या आराखड्याचा पहिला हेतू साधा आहे. वडिलांच्या दिवसातून जे चालणे गेले ते परत आणायचे, आणि मग त्यात हळूहळू भर घालायची.

आराखड्याच्या आधी एक पायरी आहे आणि ती गाळता येत नाही. चालताना किंवा जिना चढताना छातीत कधी दडपण आले आहे का? विनाकारण चक्कर आली आहे का? थोडे चालल्यावर नेहमीपेक्षा जास्त धाप लागते का? हृदयाचा आजार आधी कुणी सांगितला आहे का? यातल्या एकालाही ‘हो’ असे उत्तर आले, तर आधी डॉक्टरांना भेटायचे आणि मगच आराखडा लिहायला घ्यायचा. चारही उत्तरे ‘नाही’ असली तरी रक्तदाब आणि साखर मोजून घेतलेली बरी.

आता कागद. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. हे वाक्य जसेच्या तसे उतरवून काढले तर वडील ते एकदा वाचतील आणि बाजूला ठेवतील. ‘मध्यम तीव्रता’ म्हणजे काय हे त्यांना कळायला हवे, आणि 150 हा आकडा पहिल्या आठवड्यासाठी नाही हेही. म्हणून मुलीचा कागद असा असावा:

‘बाबा, सोमवार ते शुक्रवार सकाळी चहा-बिस्किटानंतर दहा मिनिटे चाला. चप्पल नको, मागून बंद असलेले बूट घाला. पहिली दोन मिनिटे सावकाश, मग जरा भरभर, शेवटची दोन मिनिटे पुन्हा सावकाश. भरभर म्हणजे किती? सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे म्हणता येत असेल तर वेग वाढवा. वाक्य मध्येच तुटत असेल तर कमी करा. मंगळवारी आणि शनिवारी घरातच तीन गोष्टी करा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून आठ वेळा उठून बसा. भिंतीला दोन्ही तळवे लावून, कोपरे वाकवून, आठ वेळा भिंतीकडे झुका आणि मागे या. ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचला. रविवारी सुट्टी.’

या कागदातल्या प्रत्येक ओळीमागे कारण आहे. बोलण्याची कसोटी ठेवली आहे, कारण मनगटावरचे घड्याळ इथे फसवू शकते. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल यांसारख्या रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात. ती गोळी घेणारा माणूस घड्याळातला आकडा वाढवण्याच्या नादात नको तेवढी धाव घेतो. श्वास मात्र खरे सांगतो. चहाबरोबर बिस्किट आहे तेही विचारपूर्वक. या घरात साखर अजून काठावरच आहे, पण ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे त्यांची साखर उपाशीपोटी चालल्यावर एकदम उतरू शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, अचानक भूक लागणे ही तिची खूण. अशांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

खुर्चीवरून उठणे हा सगळ्यात कमी लेखला जाणारा आणि सगळ्यात उपयोगी व्यायाम आहे. केवळ चालून मांडीचे स्नायू पुरेसे बळकट होत नाहीत, आणि पुढे जिना चढताना, भारतीय पद्धतीच्या शौचालयातून उठताना किंवा लोकलचे उंच पायदान चढताना कामाला येतात ते हेच स्नायू. उठताना गुडघा दुखत असेल तर बैठकीवर घडी घातलेली गोधडी ठेवून उंची वाढवायची. खुर्ची उंच झाली की गुडघ्याला कमी वाकावे लागते आणि व्यायाम सोडावा लागत नाही. बसताना धपकन न बसता तीन अंक मोजत टेकायचे. आकडे मोठ्याने मोजायचे, कारण नवखा माणूस जोर लावताना श्वास कोंडून धरतो आणि त्या क्षणी रक्तदाब उसळतो. मोजत राहिले की श्वास कोंडत नाही.

जागेचा प्रश्न कोळीवाड्यात खरा आहे. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या अरुंद आहेत आणि त्यांतून दुचाक्या जातात. भरभर चालायला सलग, सपाट वाट लागते. त्यासाठी शीव किल्ल्याच्या पायथ्याचे उद्यान किंवा माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स बरे. तिथे जाणे रोज जमणार नसेल तर इमारतीभोवतीच्या फेऱ्याही चालतात, कारण मोजायची आहेत ती मिनिटे. किल्ल्याच्या पायऱ्यांचा मोह मात्र पहिल्या दोन महिन्यांत टाळावा. चढणीवर नवख्याचा दम पटकन जातो आणि उतरताना गुडघ्यावर भार येतो. जूनपासून पाऊस लागला की निसरड्या रस्त्यावर चालण्यापेक्षा व्हरांड्यात येरझाऱ्या किंवा खोलीत जागच्या जागी पावले बरी.

आता वाढ कशी करायची ते. दर आठवड्याला चालण्यात फक्त दोन मिनिटे वाढवायची. पहिल्या आठवड्यात दहा, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात चौदा. या गतीने अकराव्या आठवड्यात रोजची तीस मिनिटे होतात आणि पाच दिवसांची मिळून 150. कुणाला ही वाढ फारच मंद वाटेल. पण हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, तर स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा त्याहून सावकाश. चौथ्या आठवड्यात दम लागेनासा झाला म्हणून एकदम वेळ दुप्पट करणारा माणूस पाचव्या आठवड्यात टाच किंवा गुडघा दुखवून बसतो, ते याच कारणाने. खुर्ची-भिंत-ओटा या तीन गोष्टींची दुसरी फेरी तिसऱ्या आठवड्यापासून जोडावी. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची असेल, तर त्या आठवड्यात चालण्याची मिनिटे आहेत तेवढीच ठेवावीत. अकराचे बारा आठवडे झाले तर काही बिघडत नाही. आजारपणाने किंवा गावाला गेल्याने आठवडाभर खंड पडला तर दोन आठवडे मागे जाऊन सुरुवात करायची.

दुखण्यातला फरक वडिलांना आधीच सांगून ठेवायला हवा. खुर्चीच्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच ठणकल्या तर ती नव्या कामाची खूण आहे आणि ती दोन-तीन दिवसांत जाते. एकाच सांध्यात टोचल्यासारखे दुखले, सूज आली किंवा दुखणे दिवसागणिक वाढत गेले तर तो व्यायाम थांबवून दाखवायला जायचे. आणि कागदाच्या शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ हवीच: ‘छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर जागीच बसा, 108 ला फोन करायला सांगा आणि मग मला कळवा.’ आधी घरी येऊन मग दवाखान्यात जाऊ, हा विचार अशा वेळी जिवावर बेततो.

प्रगती वजनकाट्यावर शोधू नये. एवढ्या चालण्याने तीन महिन्यांत वजन फारसे हलत नाही, आणि काटा हलला नाही म्हणून सोडून देणारे बरेच असतात. त्याऐवजी सुरुवातीलाच हात छातीवर ठेवून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजून कागदावर लिहावे आणि दर चार आठवड्यांनी पुन्हा मोजावे. हा आकडा वाढतो, आणि तो वाढलेला माणसाला जिन्यावर जाणवतोही. दोनतीन महिन्यांत रक्तदाब कमी येऊ लागला तर आनंदच आहे, पण गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे.

या आराखड्याला मर्यादाही आहेत. हृदयविकार, जुना सांधेदुखीचा आजार किंवा पडण्याचा इतिहास असलेल्यांना तो पुरेसा नाही. त्यांना फिजिओथेरपिस्टने स्वतः पाहून दिलेला व्यायाम लागतो. पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यात तीन दिवस करावेत असे वरच्याच सूचनेत म्हटले आहे. पण निरोगी असूनही केवळ सुरुवात माहीत नसल्याने बसून राहिलेल्या वडिलांची संख्या या शहरात मोठी आहे, आणि त्यांच्यासाठी हा एक कागद पुरतो. डॉक्टरांनी ‘चालत जा’ म्हणताना मिनिटे, वेग आणि थांबण्याची खूण एवढे तीन शब्द चिठ्ठीवर जोडावेत. ते नसतील तिथे मुलींनी, आणि तितक्याच जबाबदारीने मुलांनीही, ते लिहून द्यावेत आणि पहिले दोन आठवडे सोबत चालावे. बोलता येते की नाही हे तपासायला शेजारी कुणीतरी असावे लागते.