देयकाच्या रुजवातीसाठी वेळ मागून घ्यावी

जुन्या जालन्यात आईवडील आणि टोरोंटोत मुले, अशी ज्या कुटुंबांची विभागणी झाली आहे, त्यांच्याकडे रुग्णालयाचे देयक बहुधा फोनवर आलेल्या छायाचित्राच्या रूपाने पोहोचते, आणि त्यातील एखादी रक्कम खटकली की मुलगा तडक रुग्णालयास फोन लावतो किंवा ओळखीच्या डॉक्टरांकरवी शब्द टाकतो. या दोन्ही मार्गांविरुद्ध माझे स्पष्ट मत आहे. फोन उचलणाऱ्या कारकुनापुढे आपले दप्तर नसते. रुग्ण घरी गेला की त्याचे केसपेपर वॉर्डातून अभिलेख विभागात जातात, औषधांचा हिशेब औषधभांडाराकडे राहतो, आणि त्या दोहोंवरून काढलेली बेरीज तेवढी देयकावर दिसते. ओळखीचा शब्द गेला तर फार तर थोडी सूट मिळते. पण आकारणी चुकली होती की नव्हती, हा मूळ प्रश्न मात्र तसाच राहतो. म्हणून हिशेबाची शंका हिशेब विभागाकडेच, लेखी अर्जाने, भेटीची वेळ मागून न्यावी.

उदाहरणादाखल एक प्रकरण घेऊ. समजा, वडील हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी १२ तारखेस रात्री ९.४० वाजता दाखल झाले आणि १५ तारखेस दुपारी १ वाजता घरी आले. खाटेचे भाडे रोजचे २,८०० रुपये, आणि आकारणी चार दिवसांची, म्हणजे ११,२०० रुपये. दाखल झाल्यापासून चोवीस-चोवीस तास मोजले तर दिवस तीनच भरतात. परंतु दुपारी १२ ते दुपारी १२ असा दिवस धरण्याचा ज्या रुग्णालयाचा नियम असेल, तेथे शेवटच्या एका तासासाठी चौथा दिवस लागू होतो. तेव्हा प्रथम त्या रुग्णालयाचा लेखी नियम पाहिला पाहिजे, आणि नियम बाराचा निघाला तरी पुढे हे विचारले पाहिजे की, डॉक्टरांनी घरी सोडण्याचा आदेश सकाळी १० वाजता लिहिला असताना देयक तयार होण्यासच जर एक वाजला, तर त्या विलंबाचे भाडे रुग्णाने का सोसावे? आदेशाची ही वेळ देयकावर नसते, केसपेपरवर असते. आणि केसपेपर मागवून ठेवण्यास विभागाला अवधी हवा, म्हणूनच वेळ मागण्याचे प्रयोजन.

औषधांच्या बाबतीत रुजवात अधिक बारकाईची असते. रुग्णाच्या नावे मागवलेल्या इंजेक्शनांपैकी न वापरलेली परिचारिका भांडारात परत करतात, आणि त्या परतीची रक्कम देयकातून वजा झालेली दिसावी लागते. देयकात दहा कुप्या, परिचारिकेच्या नोंदीत सहा, आणि परतीची नोंद कोठेच नाही, अशी तफावत निघाली, तर चार कुप्यांचा खुलासा मागण्याचा अधिकार आपल्याला निश्चित आहे. मात्र फोडलेली कुपी अर्धीच वापरली गेली असेल, तरी तिची पूर्ण किंमत लागते. ती चूक नव्हे, आणि अशा बाबीवर हट्ट धरू नये.

अर्जाचा मजकूर पुढीलप्रमाणे असावा:

‘रुग्णाचे नाव, आंतररुग्ण क्रमांक, देयक क्रमांक व दिनांक वर नमूद केले आहेत. रुग्ण १२ तारखेस रात्री ९.४० वाजता पुरुष शस्त्रक्रिया कक्षात दाखल झाले व १५ तारखेस दुपारी १ वाजता घरी गेले. खाटेच्या भाड्याचे दिवस आणि औषधांची परत, या दोन बाबींचा खुलासा हवा आहे. त्यासाठी केसपेपर व औषधभांडाराचा हिशेब समोर ठेवून भेट द्यावी, ही विनंती. मंगळवार किंवा गुरुवार, दुपारी ४ वाजता सोयीचे होईल. रुग्णाच्या सहीचे अधिकारपत्र सोबत जोडले आहे.’

दुपारी चारची वेळ सकारण आहे. सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत घरी जाणाऱ्या रुग्णांची देयके करण्यात हा विभाग गढलेला असतो. आणि जालन्यात चार वाजतात तेव्हा टोरोंटोत उन्हाळ्यात सकाळचे साडेसहा असल्याने मुलालाही फोनवरून हजर राहता येते. अधिकारपत्र तर अत्यावश्यकच, कारण रुग्णाची कागदपत्रे त्याच्या संमतीवाचून इतरांस, मग तो पुत्र का असेना, दाखवण्यास रुग्णालयाने नकार दिला तर तो रास्तच होय.

ही याचना आहे, असे कोणी मानू नये. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागी लावणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले आहे. आणि वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे उपचारांच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांच्या आत द्यावयाच्या असतात. भेटीत उत्तर मिळाले नाही, तर या नोंदींच्या नकला घेऊन तक्रारीचा मार्ग मोकळाच राहतो, आणि तारीख घातलेला आपला अर्ज तेथे पहिला पुरावा ठरतो.

तेव्हा अशा विभागलेल्या कुटुंबांना माझी विनंती आहे की, देयक हाती आल्यावर त्याच आठवड्यात, आणि विम्याचा परताव्याचा दावा दाखल करण्यापूर्वी, हा अर्ज पाठवावा व पोहोच घेऊन ती जपून ठेवावी.