आकडा खरा, पण मोजला कसा?

मंडळी, रिटेलवाल्यांचा रेझ्युमे हा एक वेगळाच प्रकार असतो बरं का. आयटीवाला प्रोजेक्टची नावं लिहून मोकळा होतो. स्टोअर मॅनेजरला मात्र आकडे द्यावे लागतात. स्टॉक अॅक्युरसी, कन्व्हर्जन, श्रिंकेज, अॅट्रिशन. चार शब्द, चार टक्केवाऱ्या, की झालं काम! असं वाटतं खरं. पण समोर बसलेला एरिया मॅनेजर त्या टक्केवारीकडे बघतच नाही. तो एवढंच विचारतो, "हे मोजलं कसं?"

माझा एक मावसभाऊ भडगावचा. मामाच्या कापड दुकानात ठाण फाडता फाडता वाढला, आता चाळीसगावात कपड्यांच्या एका चेनचं स्टोअर सांभाळतो. नाशिकच्या मोठ्या स्टोअरसाठी अर्ज करायचा म्हणून त्याने रेझ्युमे मला पाठवला. त्यात चार झकास ओळी होत्या: स्टॉक अॅक्युरसी ९५ टक्के, श्रिंकेज ०.६ टक्के, कन्व्हर्जन २२ वरून २५, अॅट्रिशन ७५ वरून ३३. मी म्हटलं, आता एकेका ओळीची मुलाखत घेऊ. (पुढचे आकडे मी हिशेबाला सोपे म्हणून गोल केलेत.)

पहिल्यांदा कन्व्हर्जन. सोपं गणित आहे. दारातून शंभर माणसं आत आली आणि बावीस बिलं फाटली, तर कन्व्हर्जन २२ टक्के. त्याने मे महिन्याची तुलना आदल्या वर्षीच्या मे महिन्याशी केली होती, हे उत्तम. आपल्या खान्देशात लगीनसराईचा मे आणि पेरणीचा जून यांची तुलना करणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. आखाजी तेवढी कधी एप्रिलात येते, कधी मे महिन्यात, ते मात्र बघावं लागतं. दोन्ही वर्षी ती एकाच महिन्यात होती ना, हे आम्ही आधी कॅलेंडर काढून पाहिलं.

मग मी टक्केवारीमागचे आकडे मागितले. आदल्या वर्षी ९,००० माणसं आणि १,९८० बिलं. यंदा ८,००० माणसं आणि २,००० बिलं. म्हणजे बिलं वाढली फक्त वीस! कन्व्हर्जन वाढलं ते गिऱ्हाईक कमी झालं म्हणून. आणि गिऱ्हाईक तरी का कमी झालं? बराच वेळ विचार केल्यावर त्याला आठवलं, स्टाफला मागच्या दाराने ये-जा करायचा नियम त्याच वर्षी झाला होता. दारावरचा सेन्सर माणूस मोजतो, तो गिऱ्हाईक की सेल्सगर्ल हे त्याला काय कळणार? बारा जणांचा स्टाफ, प्रत्येकाच्या दिवसाला तीन-चार फेऱ्या, महिन्याला हजारभर माणसं तिथेच गळाली. ती परत मिळवली तर कन्व्हर्जन पुन्हा २२!

"पण ताई, आकडा खरा शे ना!" तो कळवळून म्हणाला. आकडा खरा होता, त्याचं श्रेय मात्र खरं नव्हतं. ती ओळ आम्ही काढून टाकली.

आता श्रिंकेज. मामांच्या भाषेत घट. कॉम्प्युटरप्रमाणे जेवढा माल असायला हवा आणि मोजल्यावर जेवढा सापडला, त्यातल्या फरकाला विक्रीने भागायचं. आधीच्या सहा महिन्यांत १ कोटी २० लाखांच्या विक्रीमागे १ लाख ४४ हजारांचा माल सापडत नव्हता, म्हणजे १.२ टक्के. नंतरच्या सहा महिन्यांत १ कोटी ३० लाखांवर ७८ हजार, म्हणजे ०.६ टक्के. दोन्ही वेळा माल विक्रीच्याच किमतीने धरला होता. एकदा विक्रीची आणि एकदा खरेदीची किंमत धरली असती, तर घट आपोआपच कमी दिसली असती.

त्याने पुढे लिहिलं होतं, 'चोरी निम्म्यावर आणली'. हे मी ताबडतोब खोडलं. श्रिंकेज म्हणजे नुसती चोरी नव्हे. गिऱ्हाइकाने उचललेलं, स्टाफने नेलेलं, पुरवठादाराने कमी पाठवलेलं आणि बिलिंगमध्ये चुकलेलं असं सगळं त्यात एकत्र असतं. अहो, भल्याभल्यांची यात फसगत झालीय. अमेरिकेच्या नॅशनल रिटेल फेडरेशनने एप्रिल २०२३ मध्ये एक अहवाल काढला. २०२१ मधल्या ९४.५ अब्ज डॉलरच्या घटीपैकी जवळजवळ निम्मी घट संघटित चोरीमुळे झाली, असं त्यात होतं. त्याला आधार नाही हे उघड झालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना तो दावा मागे घ्यावा लागला.

मग या पठ्ठ्याची घट कमी कशाने झाली? आलेला खोका उघडून, नग मोजूनच एंट्री करायची, अशी शिस्त त्याने लावली होती. आधी चलनावरचा आकडा तसाच चढायचा, खोक्यात दोन नग कमी असले तरी! म्हणजे त्याची खरी करामत चोर पकडण्यात नव्हती, पुरवठ्यातली तूट दारातच पकडण्यात होती. तेच लिहायचं.

स्टॉक अॅक्युरसी हा श्रिंकेजचा भाऊ वाटतो, पण तो वेगळं काही सांगतो. एकाच किमतीचे निळा, काळा, पांढरा असे तीन शर्ट काउंटरवर आले. घाईत कॅशिअरने निळा स्कॅन केला आणि संख्या टाकली तीन. पैसे बरोबर, घट शून्य. पण कॉम्प्युटरमध्ये निळे दोन जास्त विकले गेले आणि काळा-पांढरा विकलेच गेले नाहीत. उद्या काळा संपला तरी कॉम्प्युटर म्हणतो 'आहे', नवा माल येत नाही आणि गिऱ्हाईक परत जातं. म्हणून अॅक्युरसी मोजताना प्रत्येक रंग आणि साइझ वेगळी धरायची. २,००० पैकी १,६४० जुळल्या तेव्हा ८२ टक्के होती. प्रत्येक नग वेगळा स्कॅन करायचा आणि दर आठवड्याला एक रॅक मोजायचा, असं ठरल्यावर १,९०० जुळल्या. ते ९५ टक्के. ही ओळ एकदम पक्की.

राहिली अॅट्रिशन. बारा जणांच्या स्टाफमधून वर्षात नऊ गेले, पुढच्या वर्षी चार. दिवाळीपुरती घेतलेली मुलं दोन्ही वर्षी मोजली नव्हती, म्हणजे तुलना बरोबर. कारण विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं, खेड्यावरच्या मुलींची शेवटची एसटी चुकायची. त्यांना सकाळची शिफ्ट दिली." आणि हे रेझ्युमेत कुठेच नव्हतं! त्याच्या सगळ्या कागदातली सगळ्यात भारी गोष्ट हीच होती.

शेवटी तीन ओळी उरल्या. विक्रीचे रुपये काढले, कारण ती कंपनीची खासगी बाब.

'स्टॉक अॅक्युरसी ८२ वरून ९५ टक्के (२,००० रंग-साइझची मोजणी). प्रत्येक नग स्कॅन, दर आठवड्याला एक रॅक.'

'श्रिंकेज १.२ वरून ०.६ टक्के (सहा-सहा महिने, विक्री किमतीने). माल उतरवतानाच नगांची मोजणी.'

'१२ कायम कर्मचाऱ्यांपैकी सोडून जाणारे वर्षाला ९ वरून ४. शिफ्ट एसटीच्या वेळेनुसार.'

कन्व्हर्जनबद्दल विचारलंच, तर सेन्सरची गोष्ट जशीच्या तशी सांग, असं त्याला बजावून ठेवलंय. कोणत्याही एरिया मॅनेजरला आपल्या दारावरचा सेन्सर नेमकं काय मोजतो हे ठाऊक असलेला माणूस हवाच असतो.