अर्ज दिला म्हणजे तक्रार झाली नव्हे!

आमच्या वस्तीतल्या एका पोराचा मोबाईल आठवडी बाजारात खिशातून गेला. पोरगं कॉलेज करून संध्याकाळी डिलिव्हरीचं काम करतं. मोबाईल गेला म्हणजे रोजगारच गेला. ते त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात गेलं. टेबलावरच्या हवालदारांनी कोरा कागद पुढे केला आणि सांगितलं, "लिही, मोबाईल हरवला. सापडला की कळवतो." पोरानं लिहिलं, सही केली, कागद दिला आणि घरी आलं. आम्ही विचारलं, "पोच कुठाय? नंबर काय?" ते म्हणालं, "साहेबांनी ठेवून घेतला ना अर्ज!"

इथेच आपण फसतो. साहेबांनी ठेवून घेतलेला कागद हा साहेबांचा कागद असतो. आपल्या हातात काय आहे? काहीच नाही. उद्या तो कागद रद्दीत गेला तर आपण ठाण्यात गेलो होतो हेसुद्धा सिद्ध करता येणार नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. पोरानं स्वतःच्या हातानं 'हरवला' असं लिहून दिलं. हरवणं हा गुन्हा नाही. 'हरवला' अशी नोंद झाली की गहाळ वस्तूचा दाखला मिळतो, पण तपास करण्याचं बंधन कुणावर येत नाही. चोरी हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरी आहे, आणि हातातून हिसकावून नेला असेल तर कलम ३०४. ठाण्यातल्या गुन्ह्यांचा आकडा कमी दिसावा म्हणून 'चोरी'चं 'हरवला' होत असेल, तर त्या कागदावर सही आपली का असावी?

काही कार्यकर्ते म्हणतील, "कशाला एवढी कटकट? मोबाईल थोडाच सापडणार आहे!" आम्ही मान्य करतो, नंबर मिळाला म्हणून मोबाईल सापडतोच असं नाही. पण नंबर फक्त मोबाईल शोधण्यासाठी नसतो. दूरसंचार विभागाच्या ceir.gov.in या संकेतस्थळावर चोरीचा मोबाईल देशभरातल्या नेटवर्कवर बंद करता येतो. तिथला अर्ज भरताना पोलीस ठाण्याचं नाव, तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि तक्रारीची प्रत मागतात. आमचं पोरगं तो अर्ज भरायला बसलं आणि तक्रार क्रमांकाच्या रकान्यापाशी थांबलं. शिवाय त्या अर्जाला ओटीपी लागतो, म्हणून त्याच नंबरचं नवं सिम आधी घ्यावं लागतं.

त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. आपला मोबाईल आणि त्यातलं सिम वापरून कुणी दुसऱ्याला फसवलं तर पोलीस आधी आपल्या दारात येतात. तेव्हा वस्तीतल्या पोराच्या तोंडच्या शब्दाला किती किंमत असते हे आम्ही सांगायला नको. "त्या तारखेपासून मोबाईल माझ्याकडे नव्हता" हे तारीख आणि शिक्का असलेला कागदच बोलू शकतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पोराला बसवून नवा अर्ज लिहिला. तो असा होता:

प्रति, मा. पोलीस निरीक्षक, ... पोलीस ठाणे.
विषय : मोबाईल चोरीबाबत गुन्हा नोंदवणेबाबत.
महोदय, मी ..., राहणार ... . दिनांक ... रोजी सायंकाळी ६ ते ६.३० च्या दरम्यान आठवडी बाजारात भाजी घेत असताना माझ्या पँटच्या उजव्या खिशातून माझा मोबाईल अज्ञात इसमाने माझ्या संमतीशिवाय चोरून नेला. कंपनी व मॉडेल ..., रंग काळा, आयएमईआय क्रमांक (१) ... (२) ..., सिम क्रमांक ... . खरेदी १४,५०० रुपयांची, आजची अंदाजे किंमत ९,००० रुपये. बिलाची प्रत जोडली आहे. काल दिलेल्या अर्जात मी 'हरवला' असे लिहिले होते. प्रत्यक्षात ही चोरी आहे. तरी गुन्हा नोंदवून प्रथम खबर अहवालाची प्रत मला विनामूल्य द्यावी.
आपला, (सही, तारीख, वेळ)

यातला प्रत्येक तपशील कामाचा आहे. आयएमईआय हा मोबाईलचा पंधरा अंकी क्रमांक. तो बिलावर आणि खोक्यावर असतो. दोन सिमचा मोबाईल असेल तर दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहायचे. तुमच्या हातात आत्ता मोबाईल असेल तर *#06# दाबा आणि दिसेल ते वहीत उतरवून ठेवा. चोरी झाल्यावर ते दाबता येणार नाही.

किंमत लिहिणं तर फारच महत्त्वाचं. चोरीची वस्तू ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल तर नव्या कायद्याने ती चोरी अदखलपात्र ठरते. मग एन.सी. नोंद होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. किंमत फुगवू नका, पण भीतीपोटी कमीही सांगू नका. बिल जोडा. एन.सी. झाली तरी तिचा क्रमांक घ्याच.

अर्जाच्या दोन प्रती करायच्या. एक ठाण्यात द्यायची, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही झाली पोच. पण पोच म्हणजे गुन्हा नोंद नव्हे! गुन्हा नोंदला की गु.र.नं. मिळतो, म्हणजे गुन्हा रजिस्टरचा क्रमांक आणि वर्ष. पोच सांगते की आम्ही येऊन कळवलं. गु.र.नं. सांगतो की पोलिसांनी ते गुन्हा म्हणून स्वीकारलं. पोच हातात आली की खूश होऊन घरी जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

"आमची हद्द नाही" हे उत्तर आता चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही हद्दीतली असली तरी घ्यावी लागते, आणि नोंदलेल्या खबरीची प्रत विनामूल्य द्यावी लागते. तरीही नकार मिळाला, तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाचा रस्ता आहे. खबर लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची, आयुक्तालय असलेल्या शहरात उपायुक्तांना. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. आता सांगा, या पायऱ्या चढताना पहिल्या पायरीचा पुरावा कोणता? तीच शिक्क्याची प्रत. ती नसेल तर "असा कुणी आमच्याकडे आलाच नाही" या एका वाक्यात सगळं संपतं.

आमच्या पोराला त्या दिवशी तासभर बसवलं, पण प्रत मिळाली. त्यावर गु.र.नं. होता. त्याच रात्री मोबाईल बंद करण्याचा अर्ज भरला गेला. तिथे मिळालेला विनंती क्रमांकही त्याने वहीत लिहिला, कारण मोबाईल सापडला तर तो पुन्हा सुरू करायला तोच लागतो. मोबाईल अजून सापडलेला नाही.

आपल्यातले पुढारी अशा वेळी ठाण्यात फोन लावतात, "आपलाच पोरगा आहे, जरा बघा" म्हणतात आणि काम झालं असं समजतात. फोनची पोच मिळत नाही. ओळखीने झालेलं काम ही मेहरबानी असते, आणि मेहरबानीला क्रमांक नसतो. पुढच्या वेळी कुणाबरोबर ठाण्यात जाल तेव्हा घोषणा राहू द्या, दुसरी प्रत बरोबर घ्या. आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.