शंभर टक्क्यांचा संशोधक

अमेरिकेतल्या विद्यापीठांत केंद्र सरकारच्या अनुदानावर पगार घेणाऱ्या संशोधकाला आपले श्रम टक्केवारीत वाटून दाखवावे लागतात. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी ठरावीक मुदतीने श्रमांच्या टक्केवारीचा तक्ता भरतात. अर्ज करताना 40 टक्के या प्रकल्पाला, 60 टक्के त्या प्रकल्पाला असे ठरलेले असते आणि पगारही त्याच प्रमाणात दोन्ही खात्यांवर पडतो. नियम मात्र सांगतो की हा केवळ अंदाज आहे. प्रत्यक्ष काम पाहून तो मागाहून दुरुस्त केला पाहिजे.

आता एक महिना धरू. संशोधकाने पहिल्या प्रकल्पावर 70 तास घालवले, दुसऱ्यावर 90 आणि नव्या अनुदानाचा अर्ज लिहिण्यात 40. एकूण 200 तास. म्हणजे वाटणी झाली 35, 45 आणि 20 टक्के. नवा अर्ज लिहिण्याचा पगार चालू अनुदानातून घेता येत नाही. ते 20 टक्के विद्यापीठाने स्वतःच्या पैशातून द्यायचे. पगार 6000 डॉलर असेल, तर विभागाच्या गळ्यात 1200 डॉलर पडले.

मग सुचते ती युक्ती. अर्ज रात्री नि रविवारी लिहिला, तो आमचा खासगी वेळ, असे म्हणायचे आणि ते 40 तास गाळायचे. उरलेल्या 160 तासांचे प्रमाण निघते साधारण 44 आणि 56. ठरलेल्या आकड्यांना अगदी खेटून! अडचण एवढीच की इथे शंभर टक्के म्हणजे आठवड्याचे 40 तास नव्हेत. विद्यापीठाच्या पगारात मोडणारे सगळे काम मिळून शंभर, मग ते मध्यरात्री का केलेले असेना.

एक-दोन महिन्यांचे चढउतार नियमाला चालतात, लांब पल्ल्यात हिशेब जुळला की झाले. त्यामुळे तपासनीस एखाद्या वाकड्या महिन्याने बिचकत नाही. त्याला शंका येते ती बारा महिने न हलणाऱ्या 40-60 ची, विशेषतः अर्जाची शेवटची तारीख ज्या महिन्यात होती त्या महिन्यातही आकडा जागचा हलला नसेल तर. येल विद्यापीठाने 2008 मध्ये सरकारशी तडजोड करून 76 लाख डॉलर भरले. उन्हाळ्यात शंभर टक्के श्रम अनुदानित प्रकल्पावर दाखवले, प्रत्यक्षात संशोधक इतरही कामे करत होते, हा त्यातला एक आरोप होता.

तक्त्यावर सही संशोधकाची असते, म्हणून बोल त्यालाच लागतो. पण ज्याचा सगळा पगार अनुदानातूनच येतो, त्याने पुढचे अनुदान आणायला अर्ज कोणत्या तासांत लिहावा? नवे अनुदान तर विभागालाही हवे असते. त्या 20 टक्क्यांसाठी अंदाजपत्रकात रक्कम ठेवायची म्हटली, की मात्र विभागप्रमुखांना अचानक बैठक आठवते.